फोटोतलं ड्रिल खिडकीवरच्या लिंटेलला पुरेल का?

*आम्ही सांगलीत नवीन फ्लॅट घेतलाय. तीन खिडक्यांना पडद्याचे रॉड बसवायचे आहेत आणि स्वयंपाकघरात टाइल्सवर एक मांडणी. शेजारच्या काकांचं ड्रिल आणून खिडकीच्या वर एक भोक पाडायला गेलो, तर बिट नुसतं फिरत राहिलं, अर्धा इंचही आत गेलं नाही. म्हणजे आमच्या भिंती काँक्रीटच्या आहेत. आता मिस्टरांचा एक मित्र त्याचं जुनं ड्रिल दीड हजाराला देतो म्हणतोय. त्याने पाठवलेला फोटो सोबत जोडलाय. निळं आहे, दणकट दिसतं, पुढे चावीने आवळायचा चक आहे. मुठीजवळ एक बटण आहे, ते हॅमरचं आहे असं तो म्हणतो. फोटोवरून सांगाल का, हे आमच्या भिंतींना चालेल का? की सरळ मोठं हॅमर मशीनच घ्यावं?*

*– एक वाचक भगिनी, सांगली*

ताई,

फोटो मोठा करून नीट बघितला. आधी जे खात्रीने सांगता येतं ते सांगतो. हे रोटरी हॅमर, म्हणजे तुम्ही म्हणता ते मोठं हॅमर मशीन, नाही. ड्रिलचा फोटो समोर आला की रंग, आकार, कंपनीचं नाव सगळं बाजूला ठेवायचं आणि पहिल्यांदा मशीनचं तोंड बघायचं. तुमच्या फोटोत तोंडाशी स्टीलचा चक आहे, त्याला गोलाकार दाते आहेत आणि चावीचं टोक घालायला बाजूला भोकं आहेत. रोटरी हॅमरच्या तोंडाला यातलं काहीच नसतं. तिथे पुढे रबराची टोपी आणि तिच्या मागे बोटांनी ओढायची कॉलर असते. त्याची बिटंही वेगळी, दांड्याला लांबट खाचा असलेली. बिट आत ढकललं की खट्‌ आवाज होऊन अडकतं, चावीची गरजच नाही. दुकानात या पद्धतीला एसडीएस म्हणतात. भिंतीच्या कामाचं खरं हॅमर हवं असेल तर फोटोत ही कॉलर शोधायची. ती दिसली की पुढचे बरेच प्रश्न मिटतात.

तुमच्या फोटोत ती नाही. म्हणजे हे एक तर साधं ड्रिल आहे किंवा इम्पॅक्ट ड्रिल, म्हणजे फिरता फिरता बारीक ठोकेही मारणारं. बाजारात इम्पॅक्ट ड्रिललाही सर्रास ‘हॅमर ड्रिल’ म्हणतात, त्यामुळे मित्र खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. पण त्याने दाखवलेलं बटण मात्र हॅमरचं नाही. मुठीच्या बाजूला, ट्रिगरच्या शेजारी असतं ते लॉकचं बटण. ट्रिगर दाबून ते आत ढकललं की बोट काढलं तरी मशीन चालू राहतं. ट्रिगरवरच एक छोटं चाक असेल तर ते वेग कमी-जास्त करायचं. ट्रिगरच्या वर इकडून तिकडे सरकणारी पट्टी असेल तर ती सुलट-उलट फिरवायची. या तिन्हींचा भिंतीवर ठोके मारण्याशी काडीचा संबंध नाही, आणि जुनं मशीन विकताना नेमकं यांच्यावरच बोट ठेवून ‘हे बघा हॅमर’ सांगितलं जातं.

हॅमरची खटकी असते मशीनच्या माथ्यावर, चकच्या लगेच मागे. क्वचित ती बाजूला असते, पण चकच्या जवळच. तिच्या एका टोकाला बिटचं चित्र असतं आणि दुसऱ्या टोकाला हातोडीचं. हातोडीचं चित्र मशीनवर कुठेच नसेल तर ते साधं ड्रिल, मग ते कितीही जाडजूड दिसो. तुमचा फोटो खालून घेतलाय, त्यामुळे माथा दिसतच नाही. तेव्हा मित्राकडून आणखी दोन फोटो मागवा. एक बरोबर वरून, चकच्या मागचा भाग दिसेल असा. दुसरा नेमप्लेटचा, समोरून आणि फ्लॅश न मारता. आत्ताच्या फोटोत फ्लॅशमुळे पट्टी चमकलीय, फक्त ‘६००’ आणि ‘१३’ एवढेच आकडे वाचता येतात.

या दोन आकड्यांवर बरेचजण फसतात, म्हणून इथे जरा थांबतो. ६०० म्हणजे मशीन किती वॅट वीज खातं ते. त्यावरून मोटरचा अंदाज येतो, ठोक्याचा येत नाही. ६०० वॅटचं साधं ड्रिल लोखंडात छान चालेल आणि काँक्रीटवर नुसतं चोळत बसेल. ५०० वॅटचं इम्पॅक्ट ड्रिल तिथेच भोक पाडून मोकळं होईल. आणि १३ म्हणजे चकमध्ये जास्तीत जास्त १३ मिलिमीटर जाडीचा दांडा मावतो, एवढंच. काँक्रीटमध्ये १३ मिलिमीटरचं भोक पडतं असा त्याचा अर्थ नाही. काँक्रीटचा आकडा वेगळा लिहिलेला असतो, लोखंड आणि लाकडाच्या आकड्यांच्या शेजारी. तो नेमप्लेटवर नसेल तर डब्यावर किंवा पुस्तिकेत सापडतो. तिथे काँक्रीटची नोंदच नसेल तर उत्तर मिळालंच. असेल तर तो आकडा जास्तीत जास्त मर्यादेचा आहे हे लक्षात ठेवा. माझा हिशेब असा की लिहिलेल्याच्या निम्म्यापर्यंत मशीन न कुरकुरता काम करतं. १३ लिहिलं असेल तर ६ मिलिमीटरचं भोक आरामात, ८ चं जरा घाम काढून.

नेमप्लेटवर आणखी एक ओळ शोधायची. मिनिटाला फेरे किती हे प्रत्येक ड्रिलवर असतं. मिनिटाला ठोके किती हे फक्त ठोके मारणाऱ्या मशीनवर असतं. दोन्ही असतील तर इम्पॅक्ट पक्कं. मॉडेलच्या अक्षरांवरूनही कळतं. बॉशच्या व्यावसायिक मशीनवर जीबीएम म्हणजे साधं ड्रिल, जीएसबी म्हणजे इम्पॅक्ट आणि जीबीएच म्हणजे रोटरी हॅमर. मकिताच्या मशीनवर एचपीने सुरू होणारं इम्पॅक्ट आणि एचआरने सुरू होणारं रोटरी हॅमर. निळा रंग बघून मात्र काहीही ठरवू नका. निळ्या रंगात तिन्ही प्रकारची मशीन मिळतात आणि नकलाही त्याच रंगात येतात.

चक १३ चा आहे आणि त्याच्या मागे बाजूची मूठ आवळायला गोल गुळगुळीत गळा दिसतोय. या दोन गोष्टींवरून माझा कल हे इम्पॅक्ट ड्रिल असावं असा आहे. पण लोखंडाच्या कामाची १३ चकची साधी ड्रिलही असतात, आणि त्यांनाही असा गळा असतो. म्हणून वरचा फोटो आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

आता इम्पॅक्ट आहे असं धरून चालू. मग तुमचा मूळ प्रश्न येतो, ते तुमच्या भिंतीला पुरेल का? इथे तुम्ही एक गोष्ट गृहीत धरलीय, ती मला तपासून बघायचीय. काकांचं ड्रिल खिडकीच्या वर अडलं म्हणून सगळ्या भिंती काँक्रीटच्या, असं तुम्ही ठरवलंत. मला तसं वाटत नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या इमारतीत कॉलम, बीम आणि स्लॅब काँक्रीटचे असतात आणि मधल्या भिंती विटांच्या किंवा ब्लॉकच्या. पण प्रत्येक खिडकी-दाराच्या डोक्यावर काँक्रीटची एक आडवी पट्टी टाकलेली असते, वरच्या विटांचं ओझं पेलायला. तेच लिंटेल. ते साधारण सहा इंच उंच असतं आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना आणखी सहा-आठ इंच भिंतीत शिरलेलं असतं. काही इमारतींत तर ते पूर्ण भिंतभर फिरवतात. पडद्याचा रॉड आपण चौकटीच्या वर दोन-तीन इंचांवर लावायला जातो, म्हणजे अगदी लिंटेलच्या पोटात. घरातली सगळ्यात नरम भिंत सोडून सगळ्यात कठीण जागी पहिलं भोक पाडायचं आणि तिथून सगळ्या भिंतींचा निष्कर्ष काढायचा, असं बहुतेक घरांत होतं.

खात्री करायला साधा उपाय आहे. काकांचंच ड्रिल पुन्हा आणा आणि कपाटामागे झाकली जाईल अशा जागी, खिडकीपासून आणि कोपऱ्यापासून लांब, एक भोक पाडून बघा. पहिला अर्धा इंच गिलाव्याचा राखाडी भुगा येईल, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. त्यानंतर लाल भुगा आला तर भाजलेली वीट. पांढरा, पिठासारखा आला आणि बिट लोण्यात गेल्यासारखं गेलं तर हलका एएसी ब्लॉक. राखाडीच येत राहिला पण बिट पुढे सरकत असेल तर सिमेंटचा ब्लॉक. राखाडी भुगा चिमूटभर येऊन बिट जागच्या जागी किंचाळायला लागलं तरच ते काँक्रीट. भोक पाडण्यापूर्वी एवढं बघा की ती जागा कुठल्याही स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली नसावी. वायरिंगची नळी भिंतीतून तशीच उभी गेलेली असते.

आता काँक्रीट आणि वीट यांत एवढा फरक का पडतो ते. विटेला बिट खरवडून काढू शकतं, त्यामुळे साधं ड्रिलही कसंबसं चालतं. काँक्रीट खरवडलं जात नाही, ते ठोक्याने फोडावं लागतं. आणि सांगली-साताऱ्याकडच्या काँक्रीटमधली खडी म्हणजे आपला काळा दगड, बेसाल्ट. सिमेंटच्या मानाने तो फारच कठीण. बिट दोन खड्यांच्या मधून गेलं तर झरझर जातं, आणि खड्यावर बसलं की थांबतं. एकाच लिंटेलवर एक भोक पटकन पडतं आणि चार इंचांवरचं दुसरं अजिबात पडत नाही, ते यामुळे.

इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दात्यांच्या दोन चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि प्रत्येक दात्याला बिट किंचित पुढे उडतं. मिनिटाला असे चाळीस-पंचेचाळीस हजार बारीक ठोके बसतात. त्यांचा जोर येतो तुमच्या दंडातून, म्हणजे तुम्ही जितकं दाबाल तितका. रोटरी हॅमरमध्ये मोटर एक दट्ट्या मागेपुढे ढकलते, दट्ट्यापुढची हवा दाबली जाते आणि ती हवा एका लोखंडी ठोकळ्याला बिटच्या बुडावर आपटते. मिनिटाला ठोके चार-पाच हजारच, पण छिन्नीवर हातोडा घातल्यासारखा प्रत्येक ठोका भरीव. तुम्ही नुसतं मशीन धरून ठेवायचं, दाबायची गरज नाही. म्हणून दोन नेमप्लेट शेजारी ठेवून ‘याचे पंचेचाळीस हजार, त्याचे चारच हजार’ असं म्हणत पहिलं मशीन उचलू नका. कमी ठोक्यांचंच मशीन काळी खडी फोडतं.

मग तुमच्या घराचा हिशेब करू. तीन खिडक्या, प्रत्येकी दोन ब्रॅकेट, प्रत्येक ब्रॅकेटला दोन स्क्रू, म्हणजे बारा भोकं. सगळी ६ मिलिमीटरची, पावणेदोन ते दोन इंच खोल. मांडणीची चार भोकं स्वयंपाकघरात, तिथे लिंटेल नाही. बारा लिंटेलची आणि चार बहुधा विटेची. एवढ्यासाठी मोठं रोटरी हॅमर विकत घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ते जड असतं, स्टुलावर उभं राहून डोक्याच्या वर धरणं सोपं नाही, आणि चार इंची विटेच्या भिंतीवर त्याचा ठोका जास्त होतो. मागच्या खोलीतला गिलावा वाटीएवढा निघून पडलेला मी दुरुस्तीला आलेल्या गिऱ्हाइकांच्या घरी पाहिलाय.

त्यापेक्षा आधी ही बारा भोकं लिंटेलमधून हलवता येतात का ते बघा. खिडकीचा माथा सात फुटांवर असेल तर लिंटेल साडेसातपर्यंत संपतं. छत दहा फुटांवर असेल तर बीमचा तळ साधारण साडेआठच्या आसपास येतो. मधे जवळजवळ फूटभर विटेची भिंत शिल्लक राहते. रॉड चौकटीच्या वर दोन-तीन इंचांऐवजी आठ इंचांवर घेतलात तर बाराच्या बारा भोकं विटेत पडतात. पडदा तेवढा लांब शिवावा लागेल, म्हणून कापड घेण्याआधी हे ठरवा. प्रत्येक इमारतीत ही फट मिळेलच असं नाही. काही ठिकाणी लिंटेल आणि बीम एकत्रच ओततात, मग खिडकीपासून छतापर्यंत सगळं काँक्रीट. आठ इंचांवर एक भोक पाडलं की भुग्याचा रंग तुम्हाला सांगेल.

लाल भुगा आला तर मित्राचं मशीन, इम्पॅक्ट निघालं तर, तुम्हाला भरपूर झालं. लिंटेलमध्येच पाडायची वेळ आली तर बारा भोकंही त्याने होतील, पण घाईने नाही. बिट नवीन घ्या, काँक्रीटचं. त्याच्या टोकाला वेगळ्या करड्या धातूची चपटी पाती डाग देऊन बसवलेली दिसते आणि ती दांड्यापेक्षा किंचित रुंद असते. तुमच्या फोटोत चकमध्ये जे काळं पीळदार, टोकदार बिट लावलंय ते लोखंडाचं आहे. ते लावून हातोडीची खटकी कितीही सरकवली तरी मिनिटाभरात टोक निळं पडून बोथट होईल. काकांच्या मशीनलाही तसंच बिट नव्हतं ना, आणि त्याची खटकी हातोडीवर होती ना, हे एकदा बघाच. कदाचित नवीन मशीनची गरजच निघणार नाही.

खुणेवर आधी खिळ्याने छोटा खड्डा करा, म्हणजे बिट घसरणार नाही. सुरुवात खटकी बिटच्या चित्रावर ठेवून, हळू. गिलावा संपला की खटकी हातोडीवर, आणि दोन्ही हातांनी सरळ रेषेत दाब. पाच-सात सेकंद चालवलं की बिट फिरतं ठेवूनच बाहेर ओढा, भुगा निघतो आणि टोकाला गारवा मिळतो. तापलेलं बिट पाण्यात बुडवू नका, पातीला तडा जातो. बिट पुढे जायचं थांबलं आणि आवाज बसका झाला तर खडा लागलाय. अशा वेळी जोर वाढवण्यात अर्थ नाही. भोकात मावेल असा काँक्रीटचा जाड खिळा घालून हातोडीचे दोन-चार टोले द्या, खडा फुटतो, मग पुन्हा ड्रिल. पण बिट एकाएकी थांबलं, आवाज धातूसारखा कणखर झाला आणि भुग्यात चमकते कण दिसले तर सळई लागलीय. लिंटेलची सळई काँक्रीटच्या पृष्ठभागापासून साधारण इंचभर आत असते. तिच्याशी भांडायचं नाही, इंच-सव्वा इंच वर किंवा खाली नवीन भोक घ्यायचं. कॉलमवर तर होता होईल तो काही ठोकूच नका.

स्वयंपाकघरातल्या टाइलचं उलट आहे. टाइल पार होईपर्यंत हातोडी पूर्ण बंद, नाहीतर तिला तडा जाणारच. टाइलवर चिकटपट्टीचा तुकडा लावा, हळू वेगाने टाइलचं बिट चालवा, ती पार झाली की मागच्या विटेत काँक्रीटचं बिट आणि हातोडी. भोक पाडायच्या रेषेत नळ किंवा गिझरची पाइप तर जात नाही ना, ते बिल्डरच्या प्लंबरला विचारून घ्या.

भोक कुठेही असो, डोळ्यांवर साधा चष्मा तरी हवाच, कारण तुम्ही वर बघत काम करणार आणि भुगा सरळ खाली येणार. नाकाला रुमाल बांधा, काँक्रीटचा बारीक भुगा छातीला वाईट. ओढणी, पदर, मोकळे केस आणि हातमोजे फिरत्या चकपासून लांब.

मशीन कुठल्या प्रकारचं आहे हे फोटोवरून कळतं, कुठल्या अवस्थेत आहे हे कळत नाही. आणि सांगलीत जुनं मशीन घेताना मी एक गोष्ट हमखास विचारतो, ते पुराच्या पाण्यात होतं का? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि नंतर २०२१ च्या जुलैमध्ये कितीतरी दुकानं आणि तळमजले पाण्याखाली गेले, आणि त्यातली हत्यारं वाळवून, पुसून पुन्हा वापरात आली. पुसलेलं मशीन बाहेरून चकाचक दिसतं. म्हणून मित्राला सांगून बाजूच्या झडपांचा, म्हणजे हवा जायच्या फटींचा जवळून फोटो मागवा. आत मऊ पिवळट गाळाचा थर बसलेला दिसला किंवा चकच्या जबड्यांच्या मुळाशी गंज दिसला तर सोडून द्या. आतल्या बेअरिंगचं ग्रीस गेलेलं असतं. आज चाललं तरी दोन महिन्यांत आवाज करायला लागेल.

फोटो ठीक निघाले तर घ्यायला जाताना स्वतःचं ६ चं काँक्रीटचं बिट घेऊन जा. आधी मोकळं चालवा आणि बिटचं टोक बघा. ते गोल फिरण्याऐवजी झोकांड्या खात असेल तर चक किंवा त्याचा दांडा वाकलाय. वायर जिथे मुठीत शिरते तिथे ती मोडलेली किंवा चिकटपट्टीने गुंडाळलेली नसावी. झडपांतून आत बघा. बारीक निळसर ठिणग्या उडणं चालतं, तो कार्बन ब्रशचा नेहमीचा खेळ. नारिंगी ठिणग्यांचं कडं दिसलं तर बहुधा ब्रश संपलेत, आणि ते फार महाग नसतात, फक्त किमतीत वजा करून घ्या. जळक्या वार्निशचा वास आला तर मात्र वाइंडिंग तापून गेलंय, तिथे थांबायचं. मग खटकी हातोडीवर करून अंगणातल्या एखाद्या दगडावर किंवा फरशीच्या तुकड्यावर दाबून बघा. हवेत धरून बघितलं तर बऱ्याच इम्पॅक्ट ड्रिलचा ठोका लागतच नाही, बिट दाबल्यावरच चकत्या एकमेकींना भिडतात. ‘हॅमर गेलाय’ असा गैरसमज त्यातून होतो, आणि खरोखर गेलेला हॅमर लपूनही राहतो. दाबल्यावर कर्‌कर्‌ असा एकसारखा आवाज आणि मनगटाला थरथर जाणवली पाहिजे. खटकी दोन्ही बाजूंना ठेवून चालवा. आवाजात फरक पडत नसेल तर आतले दाते झिजून गुळगुळीत झालेत, आणि मग ते मशीन साध्या ड्रिलच्याच किमतीचं. जुन्याला हमी नसते, म्हणून जाण्याआधी हार्डवेअरच्या दुकानात तसल्याच नव्या इम्पॅक्ट ड्रिलचा भाव विचारून ठेवा. फरक हजाराच्या आत असेल तर मी नवीनच घेईन.

याच निमित्ताने तुमच्यासारख्याच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. बॅटरीच्या मशीनचा फोटो असेल तर चकच्या मागच्या फिरत्या कड्यावर बघा. तिथे आकड्यांच्या जोडीला स्क्रू, बिट आणि हातोडी अशी तीन चित्रं असतील तर ते विटेला चालेल. हातोडी नसेल तर ते स्क्रू आवळायचं आणि लाकडाचं मशीन. आणि ज्याचं तोंड आखूड असतं, चकऐवजी छोटी कॉलर असते आणि आत षटकोनी भोक असतं, ते इम्पॅक्ट ड्रायव्हर. नावात इम्पॅक्ट असलं तरी त्याचा झटका फिरवण्याच्या दिशेने बसतो, भिंतीच्या दिशेने नाही. काँक्रीटला ते उपयोगाचं नाही.

साताऱ्याकडच्या जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांनी तर इम्पॅक्ट ड्रिलच्या नादी लागू नये. तिथे दर्शनी भिंत बऱ्याचदा घडीव काळ्या दगडाची असते, म्हणजे सगळी खडीच. एक तर दगडांच्या सांध्यात, चुन्याच्या किंवा मातीच्या दर्जेत भोक घ्यावं आणि वजन हलकं ठेवावं, नाहीतर ओळखीच्या वायरमनला रोटरी हॅमरसकट अर्ध्या दिवसासाठी बोलवावं.

तुमच्याकडेही, आठ इंचांवर राखाडी भुगा निघाला आणि बाराही भोकं काँक्रीटमध्येच पडणार असं दिसलं, तर मी वायरमनच बोलवीन. मशीन त्याचं, बिट त्याची, तास-दीड तासाचं काम. फक्त तो येण्याआधी भिंतीवर पेन्सिलने बाराही खुणा करून ठेवा आणि ब्रॅकेट प्रत्यक्ष लावून बघा. भोकात ठोकायच्या गिट्ट्याही आधीच आणून ठेवा, स्क्रूच्या मापाच्या आणि दीड इंच लांबीच्या. घाईत वायरमन खिशातल्या आखूड गिट्ट्या ठोकून जातो, त्या नुसत्या गिलाव्यात बसतात, आणि जाड पडदा दोनदा ओढला की ब्रॅकेट हातात येतं.